भाऊला की भावाला?

लेखनविचार : ‘तपासनीस’

विभक्तीचे प्रत्यय आमच्या विद्यार्थ्यांना येत नाहीत, ही तक्रार माध्यमिक शाळांतून नित्य ऐकू येते. परंतु ज्या मुलाला ‘स, ला, ते’ आणि ‘ने, ए, शी’ ही कोष्टके झोपेतही म्हणता येतात, तोच मुलगा निबंधात ‘भाऊला’ असे लिहितो, याचा उलगडा त्या तक्रारीने होत नाही. ‘भाऊला’ या रूपातला ‘ला’ निर्दोष आहे. दोष आहे तो ‘ला’च्या आधी; म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्द जे रूप धारण करतो, ज्याला व्याकरणकार सामान्यरूप म्हणतात, त्या रूपात. कोष्टक पाठ करून हे रूप येत नाही, कारण कोष्टकात प्रत्ययांचीच काय ती नोंद असते.

बीड जिल्ह्यातील नववीच्या वर्गात ‘ऊसतोडीचा हंगाम’ हा विषय दिला, तर वह्यांतून जे आढळेल त्याचा नमुना म्हणून मी पुढील मजकूर रचला आहे. “दसरा झाला आणि मुकादमानी ट्रक आणला. त्यांनी उचल आधीच दिली होती. आई ने भांडी बांधली. मी लहान भाऊला घेऊन आजी पाशी राहिलो. शाळेतमध्ये मन लागेना. गावाचे लोकांना पाडव्यापर्यंत फडामधी राहावे लागते, कारण गरीबाला दुसरा इलाज नसतो.” मजकूर छोटा असला तरी यातील चुका एका जातीच्या नाहीत, आणि त्या सर्वांवर सारख्याच तांबड्या रेघा ओढणे हा तपासणीतला पहिला दोष होय.

‘आई ने’ आणि ‘आजी पाशी’ ही तोडलेली रूपे घ्या. हिंदीच्या तासाला हाच विद्यार्थी ‘राम ने’, ‘मेज पर’ असे सुटे लिहावयास शिकतो, तेव्हा मराठीच्या तासाला त्याची लेखणी तीच वाट धरते यात नवल नाही. परंतु तो कोठे तोडतो हे बारकाईने पाहिले, तर बहुधा असे दिसेल की ज्या शब्दांचे रूप प्रत्ययापूर्वी बदलत नाही, तेथेच हा मोह अधिक होतो. ‘आई’, ‘आजी’, ‘गाडी’, ‘नदी’ हे शब्द प्रत्यय काढून घेतला तरी स्वतःच्या पायांवर उभे राहतात. ‘घोड्या’, ‘भावा’, ‘गरिबा’ ही रूपे, हाक मारणे सोडले तर, तशी उभी राहू शकत नाहीत. म्हणून ‘आई ने’ लिहिणाऱ्या मुलाला ‘घोडा’ या शब्दाला ‘ने’ लावून दाखव असे सांगावे, आणि मग ‘घोड्या’ हा शब्द हाक मारण्याखेरीज एकटा कोठे वापरता येईल असे विचारावे. जोडून लिहिण्याचे कारण त्याच्या त्यालाच सापडते. येथे एक खुलासा अवश्य करावा: ‘आजीपाशी’ जोडून लिहावयाचे, पण ‘आजीच्या जवळ’ हे सुटे चालते, कारण तेथे ‘च्या’ने शब्द पुरा झालेला असतो. हा भेद न सांगितल्यामुळेच मुलांना मराठीचा नियम लहरी वाटतो.

‘भाऊला’ या चुकीचे उत्तर ‘भावाला’ असे लिहून देणे सोपे आहे. पण विद्यार्थी हुशार असेल तर विचारील की गावातल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्याला सगळे ‘भाऊ’ म्हणतात, त्याच्याविषयी ‘भाऊंना भेटलो’ असे लिहिले तर ते का चालते? त्याची शंका रास्त आहे. नातेवाचक सामान्यनाम म्हणून ‘भाऊ’ बदलतो. संबोधनाचे नाव झाला की बदलत नाही. विशेषनामांची ही ताठर वृत्ती शिकविण्यास आपल्या जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची नावे पुरेशी आहेत. बीडला, केजला, धारूरला, गेवराईला, परळीला अशी ती बहुतेक जशीच्या तशी राहतात. पाटोदा मात्र आकारान्त असल्याने पाटोद्याला होते. ‘गाव’ या सामान्यनामाचे ‘गावाला’ होते, पण माजलगावचे ‘माजलगावला’.

याच यादीतून ‘गरीबाला’ या चुकीचाही निकाल लागतो. शासनाने 1962 साली मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांप्रमाणे मराठी शब्दातील उपान्त्य दीर्घ इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो: गरीब–गरिबाला, जमीन–जमिनीत, चूल–चुलीवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद, म्हणून ‘शरीराला’. मग ‘धारूरला’ दीर्घ का? कारण तेथे शब्दाला स्वर जोडला गेला नाही, शब्द वाढला नाही, आणि वाढ नाही तेथे ऱ्हस्वही नाही. तरीसुद्धा माझे मत असे की ‘गरीबाला’ हा लेखनाचा दोष आहे, विभक्तीचा नव्हे. मुलाच्या कानाला हा भेद ऐकू येत नाही, आणि त्याबद्दल त्याला ‘भाऊला’इतकी शिक्षा असू नये.

‘फडामधी’बद्दल तर मी गुणच कापणार नाही. ‘फडा’ हे सामान्यरूप अचूक आहे, ‘मधी’ हे आमच्या बोलीतले ‘मध्ये’चे रूप आहे; समासात प्रमाणरूप लिहून द्यावे म्हणजे झाले. याउलट ‘शाळेतमध्ये’ हे कोणत्याही बोलीत बसत नाही, कारण ‘मध्ये’ला सामान्यरूप लागते आणि येथे ‘त’ने त्याचे काम आधीच उरकले आहे. ‘शाळेत’ किंवा ‘शाळेमध्ये’ यांपैकी एक निवडावे. ‘शाळेतून’ मात्र चालते. ‘त’वर ‘ऊन’ चढविण्याची मुभा भाषेने दिली आहे.

सर्वांत कठीण प्रसंग ‘मुकादमानी’ हा. शिक्षक सवयीने अनुस्वार देतात किंवा ‘ने’ करून मोकळे होतात, आणि दोहोंपैकी काहीही केले तरी लेखकाच्या वतीने एक निर्णय घेतला जातो. ‘मुकादमाने’ म्हणजे एक मुकादम, आदर नाही; ‘मुकादमांनी’ म्हणजे अनेक मुकादम, किंवा एकच पण आदरार्थी. बोलताना ‘न’पूर्वीचा हा अनुस्वार जवळजवळ ऐकू येत नाही, आणि ‘ट्रक आणला’ हे क्रियापद ट्रकाप्रमाणे चालत असल्याने तेही साक्ष देत नाही. साक्ष पुढच्या वाक्यात आहे: “त्यांनी उचल आधीच दिली होती.” यावरून अनुस्वार द्यावा हे ठरते. पुढे असे सर्वनाम नसेल तर तपासनिसाने शब्दाखाली रेघ ओढून समासात ‘किती? आदराने?’ एवढेच लिहावे आणि रूप विद्यार्थ्याकडून घ्यावे. ज्याच्या हातात कुटुंबाची उचल आहे त्याच्याविषयी मुलाने आदराने लिहावे की नाही, हे त्याचे त्याने ठरविणे योग्य.

राहता राहिले ‘गावाचे लोकांना’. ‘लोकांना’ यात ‘लोकां’ हे सामान्यरूप असल्याने त्याच्या आधीचा ‘चे’ बदलून ‘च्या’ व्हावयास हवा: ‘गावाच्या लोकांना’. येथे मुलाकडे एक पुरावा असतो, आणि तो खोटा नाही. ‘सदर इसमाचे घरी’, ‘तहसीलदार यांचे कार्यालयात’ असे दप्तरी मराठी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आली आहे आणि आजही नोटिसांतून लिहिते. ती जुनी रीत आहे, अडाणीपणा नव्हे, असे त्याला सांगावे; ‘तहसीलदार यांचे कार्यालय उघडे आहे’ यातला ‘चे’ बिनचूक आणि ‘कार्यालयात’च्या आधीचा ‘चे’ जुन्या रिवाजाचा, हा फरक दाखवावा; आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ‘च्या’ लिहावयास सांगून पुढची वही उघडावी.