आधी गार पाणी, मग बोलणं

घरात चटकन भडकणारं किशोरवयीन मूल असेल, तर पालकांना एक विनंती आहे. ते भडकलेलं असताना समजावायला जाऊ नका. त्या घडीला तुमचे शब्द त्याच्या कानांवर पडतात, पण आत शिरत नाहीत. आधी शरीर शांत व्हावं लागतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेल्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीत, म्हणजे डीबीटीत, याच वेळेसाठी एक कौशल्य शिकवतात. पसरट भांड्यात गार पाणी घ्यायचं, मात्र ते १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड नको. वाकून, श्वास रोखून, डोळे आणि गाल बुडतील असा चेहरा १५ ते ३० सेकंद पाण्यात धरायचा. पाण्यात बुडी मारल्यावर होतं तसंच इथेही होतं: हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात. म्हणूनच मुलाला हृदयविकार असेल, ठोके मंद करणारी औषधं चालू असतील किंवा अ‍ॅनोरेक्सियासारखा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

समजा, दहावीतल्या मुलीला मैत्रिणींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. तिने रागात मेसेज लिहिलाय, पाठवणं तेवढं बाकी आहे. आई एवढंच विचारते, “राग शंभरपैकी किती?”

“नव्वद!”

फोन टेबलावर उपडा ठेवून ती चेहरा पाण्यात धरते. आकडा सत्तरवर येतो. मग चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं काही मिनिटं चालतं. आकडा पन्नास. वाईट वाटणं गेलेलं नाही, पण मेसेजही गेलेला नाही.

आता बोलायची वेळ. “एवढं काय त्यात?” म्हणालात, तर आकडा पुन्हा चढेल. “न सांगता काढलं, वाईट वाटणारच,” असं म्हणा. भावना मान्य केली म्हणजे तो मेसेज योग्य ठरला, असं होत नाही. पुढे काय करायचं ते यानंतर दोघींनी मिळून ठरवा.

पाण्याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. राग पुन्हा चढला, तर पुन्हा करावं लागतं. सराव मात्र मूल शांत असताना करून घ्या, आणि तुम्हीही सोबत करा. ऐन भांडणात “जा, तोंड बुडव पाण्यात” म्हणालात, तर मुलाला ती शिक्षाच वाटेल.

मूल स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं. जिवाला लगेच धोका दिसत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.