दोन तासांचे आश्वासन आणि मिलिमीटरचा हिशेब

तेहरानमधील प्लास्को ही सतरा मजली इमारत १९ जानेवारी २०१७ रोजी कोसळली. सकाळी लागलेली आग विझविण्याचे काम सुमारे साडेतीन तास चालू होते आणि आत गेलेल्या अग्निशामक जवानांपैकी अनेकांना बाहेर पडता आले नाही. १९६२ साली पूर्ण झालेल्या या इमारतीचा सांगाडा पोलादी होता. परंतु त्या पोलादाला आगीपासून वाचविणारे आवरण नव्हते. पोलाद जळत नाही, म्हणून ते आगीत सुरक्षित असते, हा समज किती भ्रामक आहे, याचा इतका दारुण पुरावा क्वचितच मिळेल.

पोलाद जळत नाही हे खरे. ते मऊ पडते. साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची भार पेलण्याची शक्ती सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलेली असते. प्रयोगशाळेत ज्या प्रमाणित आगीखाली तुळया व खांब तपासले जातात, तिचे तापमान अर्ध्या तासात ८४२ अंश, तासाभरात ९४५ अंश आणि दोन तासांत १०४९ अंशांवर जाते. म्हणजे उघडे पोलाद या आगीत किती वेळ टिकेल, हा प्रश्न तासांचा नसून मिनिटांचा आहे. आपल्याकडील पोलादी बांधकामाच्या आयएस ८०० या मानकात (२००७) त्याचे गणित दिलेले आहे. त्यानुसार बाजारात सर्रास मिळणारी तीनशे मिलिमीटर उंचीची आय आकाराची तुळई, वरून स्लॅबने झाकलेली आणि उरलेल्या तीन बाजूंनी आगीला उघडी असेल, तर अवघ्या सतरा-अठरा मिनिटांत साडेपाचशे अंशांवर पोहोचते. अग्निशामक बंब गर्दीतून वाट काढीत येईपर्यंतच एवढा वेळ निघून जाऊ शकतो.

म्हणूनच इमारतीची उंची व वापर पाहून तिच्या निरनिराळ्या भागांनी एक तासापासून चार तासांपर्यंत आगीत टिकले पाहिजे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. ते साधण्याचे दोन मार्ग आज प्रचारात आहेत. पहिला फुगणाऱ्या रंगाचा. हा रंग दिसायला साधाच असतो. मात्र दोनशे-अडीचशे अंशांच्या उष्णतेत त्यातील रसायने एकमेकांवर क्रिया करतात आणि रंगाचा पातळ थर अनेक पटींनी फुगून कोळशासारख्या सच्छिद्र फेसाची दुलई पोलादाभोवती तयार होते. दुसरा मार्ग कॅल्शियम सिलिकेट, जिप्सम अथवा दगडी लोकरीच्या फळ्यांनी तुळई वा खांब पेटीसारखा बंद करण्याचा. रंग डौलदार, वास्तुशास्त्रज्ञाला हव्या असलेल्या रेषा तो झाकीत नाही. फळ्या बोजड; पण त्यांची जाडी कोणालाही फूटपट्टीने मोजता येते.

या दोहोंतील निवड निविदेत कशी लिहिली जाते, तेथे खरी मेख आहे. ‘सर्व पोलादी भागांस दोन तासांचा अग्निरोधक रंग देणे’ एवढे एकच वाक्य लिहून अनेक ठिकाणी विषय संपविला जातो. हे वाक्य वाचायला ठाम वाटते. प्रत्यक्षात ते निरर्थक आहे. कारण ‘दोन तासांचा रंग’ अशी वस्तू अस्तित्वातच नाही. एकच रंग एकाच जाडीने दिला, तरी एका खांबाला तो दोन तास वाचवील आणि शेजारच्या तुळईला पाऊण तासही वाचविणार नाही.

असे का होते, हे वर सांगितलेल्या तुळईच्याच उदाहरणाने समजेल. तिच्या आडव्या छेदाची आगीला उघडी असलेली कड सुमारे १००५ मिलिमीटर भरते आणि छेदाचे क्षेत्रफळ ५६२६ चौरस मिलिमीटर. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून मीटरच्या मापात मांडले की १७९ हा आकडा येतो. याला छेद-गुणांक म्हणता येईल. उष्णता आत शिरण्याची वाट किती रुंद आणि ती पिऊन घेणारे पोलाद किती थोडे, हे तो सांगतो. आता चाळीस मिलिमीटर जाड पट्ट्यांचा, चारशे मिलिमीटर चौरस असा जोडीव खांब घेतला, तर तो चारही बाजूंनी उघडा असूनही त्याचा गुणांक ६१च्या आसपासच येतो. पातळ पातेले लवकर तापते आणि जाड बुडाचे उशिरा, हे ज्या घरात स्वयंपाक होतो त्या घरात ठाऊक असते. निविदा लिहिताना मात्र त्याचा विसर पडतो. गुणांक जितका मोठा, तितका रंगाचा थर जाड हवा. हलक्या तुळईला एका तासासाठी दीड मिलिमीटर थर लागत असेल, तर दोन तासांसाठी तो कित्येक मिलिमीटरवर जातो, आणि काही रंगांच्या चाचणी-तक्त्यांत त्या रकान्यात आकडाच नसतो. आकडा नसणे याचा अर्थ एवढाच, की तेवढा काळ तो रंग टिकल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही.

फळ्यांना येथे एक नैसर्गिक लाभ मिळतो. पेटी तुळईच्या खाचाखोचांतून फिरत नाही, तिच्याभोवती सरळ जाते. त्यामुळे त्याच तुळईची हिशेबात धरायची कड ७४० मिलिमीटर होते आणि गुणांक १७९ वरून १३२ वर उतरतो. शिवाय फळीची जाडी कारखान्यात ठरलेली असते. तेव्हा हलक्या, छतामागे दडलेल्या तुळयांना दोन तासांचा अवधी हवा असेल, तर फळ्याच वापराव्यात. आणि दर्शनी, जड खांबांना तासाभराची आवश्यकता असेल, तेथे रंग खुशाल द्यावा. सरसकट एकच उपाय लादणे, मग तो कोणताही असो, हे आळसाचे लक्षण होय.

दुसरा विसरला जाणारा आकडा तापमानाचा. पोलाद कोणत्या अंशावर हार खाईल, हे त्याच्यावर त्या वेळी असलेल्या भारावर अवलंबून असते. आयएस ८०० प्रमाणे खांबावर त्याच्या एकूण शक्तीच्या निम्मा भार असेल, तर ही मर्यादा ५६० अंश येते; सात दशांश भार असेल, तर ती ४२२ अंशांवर घसरते. मालाने सदैव खचाखच भरलेले गोदाम आणि थोड्याशा टेबलखुर्च्यांचे कार्यालय यांना एकाच तक्त्यातील ५५० अंशांचा रंग देणे म्हणजे गोदामाच्या बाबतीत स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. लंडनमधील ब्रॉडगेट येथे जून १९९० मध्ये बांधकाम चालू असलेल्या चौदा मजली इमारतीला आग लागली. तेथील पुष्कळसे पोलाद तोवर उघडेच होते. काही खांब दबून सुमारे शंभर मिलिमीटरने आखूड झाले, तरीही इमारत उभी राहिली. एकसंध सांगाडा एकट्या तुळईपेक्षा चिवट असतो, हे त्यातून दिसले. परंतु तेथील पोलाद सहाशे अंशांपलीकडे तापले नव्हते, असाही तपासणीचा निष्कर्ष होता. त्या इमारतीच्या सुदैवावरून इतरांनी नियम बांधणे शहाणपणाचे ठरणार नाही.

निविदेत प्रत्येक भागापुढे गुणांक, तापमान, अवधी आणि मिलिमीटरमधील जाडी असे चार रकाने नीट भरले, तरी अर्धेच काम होते. लिहिलेली जाडी खरोखर दिली गेली काय, हे पाहावयाचे राहते. रंग ओला असताना दातेरी पट्टीने आणि वाळल्यावर चुंबकीय यंत्राने थर मोजतात. या यंत्राला पोलादापर्यंतचे अंतर तेवढे कळते. मधल्या थरात काय आहे, हे कळत नाही. म्हणून खालच्या प्रायमरची जाडी आधी मोजून वजा करावी लागते आणि वरचा शोभेचा हात देण्यापूर्वीच मोजणी उरकावी लागते. नंतर केलेल्या मोजणीत साधा तैलरंगही अग्निरोधक म्हणून खपून जाऊ शकतो.

ब्रिटनमधील या व्यवसायाच्या संघटनेने यासाठी घालून दिलेली पद्धत व्यवहार्य आहे. तुळईच्या मधल्या उभ्या पत्र्यावर दोन्ही अंगांनी, तसेच पट्टीच्या बाहेरच्या अंगावर दर मीटरला दोन आणि पट्टीच्या आतल्या अंगावर दर मीटरला एक अशी मोजणी करावयाची. सहा मीटरच्या एका तुळईवर अशा चाळीस-पन्नास नोंदी होतात. ठरलेली जाडी दीड मिलिमीटर असेल, तर तुळईची सरासरी दीडच्या खाली जाता कामा नये. कोणत्याही एका अंगाची सरासरी ८० टक्के, म्हणजे १.२ मिलिमीटरच्या खाली नको. आणि एखादीच नोंद निम्म्याहून, म्हणजे ०.७५ हून कमी आली, तर तिच्या आसपास आणखी दोन-तीन ठिकाणी मोजावयाचे. तेथेही कमी भरले, तर तो भाग पुन्हा रंगविणे भाग आहे. अशा कमी नोंदी बहुधा पट्टीच्या आतल्या अंगाला सापडतात, कारण तेथे फवाऱ्याचा हात आणि तपासनिसाची नजर दोन्ही पोहोचत नाहीत. फळ्यांच्या बाबतीत चोरी जाडीत होत नाही, ती सांध्यांत होते. दोन फळ्यांमधील फट, गाळलेले स्क्रू, किंवा वातानुकूलनाचा नळ नेण्यासाठी मागाहून पाडलेले आणि न बुजविलेले भोक यांतून आग पेटीत शिरते. त्यामुळे पेटी बंद होतानाचे आणि इतर कारागीर काम आटोपून गेल्यानंतरचे, असे दोनदा पाहणे आवश्यक ठरते.

यंत्र हाती नसलेल्यालाही एक तपासणी करता येते, आणि ती लेखा विभागातील साध्या कारकुनाच्या आवाक्यातील आहे. वरील तुळई सहा मीटर लांब असेल, तर तिचे रंगवायचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस मीटर. त्यावर वाळलेला दीड मिलिमीटर थर म्हणजे नऊ लिटर घन पदार्थ. ओल्या रंगात घन भाग सत्तर टक्के असेल, तर तेरा लिटर रंग लागेल. अशा शंभर तुळयांना, वाया गेलेला धरला नाही तरी, तेराशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पासष्ट डबे हवेत. भांडाराच्या वहीत चाळीसच डबे आवक झालेले दिसत असतील आणि देयकाला जोडलेल्या प्रमाणपत्रावर ‘दोन तास’ असा शिक्का असेल, तर रक्कम अदा करण्यापूर्वी उरलेले पंचवीस डबे कोठे आहेत, हे लेखी विचारावयास हवे.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दरवर्षी जानेवारीत व जुलैत इमारतीच्या अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. नळ, पंप, घंटा यांची चालू स्थिती अशा वेळी पाहता येते. छतामागच्या तुळईवरील थर मात्र एकदा झाकला की सहसा कोणी पाहत नाही; आणि पावसाळी दमटपणात वरचा हात उडाला असेल, तर फुगणाऱ्या रंगातील काही रसायने पाण्याबरोबर निघून जातात, रंग जागेवर दिसत राहतो. मूळ मोजणीच्या नोंदी, तुळईनिहाय तक्त्यासह, याच प्रमाणपत्राला जोडण्याची सक्ती केली आणि दर काही वर्षांनी छताच्या चार फळ्या उघडून त्याच जागी पुन्हा मोजणी केली, तर जुन्या आणि नव्या आकड्यांतील फरक कागदावर येईल.