‘एच’ नाही म्हणजे सगळे ठीक आहे का?

गेल्या बकरी ईदनंतर हिवरखेडच्या आमच्या घरी खाला मुक्कामाला आल्या होत्या. वय ६५, अंगाने किरकोळ, दहा वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू. त्यांचे गाव खाली पूर्णेकडे, खारपाणपट्ट्यात. थकवा फार वाटतो म्हणून भाच्याने त्यांचे रक्त तपासून आणले. संध्याकाळी मगरिबनंतर सगळे घर त्या दोन पानांच्या कागदाभोवती बसले. घरात शिक्षक आहे म्हटल्यावर कागद आमच्याच हाती आला.

रिपोर्टच्या कागदावर चार रकाने असतात. पहिल्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आपला आकडा, तिसऱ्यात संदर्भ मर्यादा आणि चौथ्यात खूण. आकडा मर्यादेच्या वर गेला तर ‘एच’, खाली आला तर ‘एल’. काही प्रयोगशाळा अक्षराऐवजी तारा छापतात किंवा आकडा ठळक करतात. खालांच्या कागदावरच्या चार ओळी अशा होत्या:

| तपासणी | आकडा | संदर्भ मर्यादा | खूण |
|---|---|---|---|
| हिमोग्लोबिन | १२.१ | १२.० ते १५.० | |
| ईएसआर | ३२ | ० ते २० | एच |
| उपाशीपोटी साखर | ९६ | ७० ते १०० | |
| क्रिएटिनिन | १.१ | ०.६ ते १.२ | |

दोन पानांत मिळून एकच ‘एच’ होता, ईएसआरपुढे. भाच्याने मोबाइलवर शोधले, तर टीबीपासून कॅन्सरपर्यंत सगळे निघाले. खाला तसबीह घेऊन एका कोपऱ्यात बसल्या. शेजारच्या आपा म्हणाल्या, “बाकी तर सगळं बरोबर आहे ना? मग त्या एकाचंच औषध घ्या.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिला. ‘एच’वर त्यांची नजर फार थांबली नाही. त्यांनी बोट ठेवले ते क्रिएटिनिनवर, जिथे खूणच नव्हती.

असे का झाले, हे कळायला तिसरा रकाना कसा तयार होतो ते पाहू. प्रयोगशाळेसाठी संदर्भ मर्यादा ठरवताना निरोगी माणसे निवडतात. प्रचलित नियम कमीत कमी १२० जणांचा आहे. त्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून देतात. मधले ९५ टक्के ज्या दोन आकड्यांच्या आत बसतात, ते दोन आकडे तिसऱ्या रकान्यात छापले जातात. म्हणजे प्रत्येक तपासणीत शंभर निरोगी माणसांतली पाच जणे मर्यादेबाहेर पडणार, हे आधीच ठरलेले असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर धडधाकट माणसालाही निदान एक खूण मिळण्याची शक्यता १०० पैकी ६४ इतकी होते. म्हणून एखादी खूण, तीही मर्यादेच्या जरा बाहेरची, दिसली की लगेच घाबरायचे कारण नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि खालांच्या बाबतीत तीच महत्त्वाची ठरली. यंत्र खूण लावताना फक्त दोन आकडे ताडून पाहते. समोरचे माणूस किती वर्षांचे, अंगाने कसे, त्याचा मागच्या वर्षीचा आकडा किती, हे त्याला ठाऊक नसते. काही कागदांवर स्त्री-पुरुषांची मर्यादा वेगळी छापतात, वयाची क्वचितच. पहिली ते दहावीच्या सगळ्या मुलांसाठी उंचीची एकच मर्यादा ठरवली, तर दहावीतला फार बुटका मुलगाही तिच्यात बसेल आणि पहिलीतला अगदी ठीक मुलगा बाहेर राहील. या कागदावर तसेच झाले होते.

ईएसआर म्हणजे उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, ते माप. अंगात कुठे सूज किंवा संसर्ग असेल तर ते वाढते. पण ते वयानेही वाढते. डॉक्टर एक ठोकताळा वापरतात: पुरुषासाठी वयाच्या निम्मे, बाईसाठी वयात १० मिळवून निम्मे. खालांचे ६५ अधिक १० म्हणजे ७५, त्याचे निम्मे साडेसदतीस. त्यांचा आकडा ३२, म्हणजे त्यांच्या वयाला आतलाच. ताप नाही, वजन घटलेले नाही, खोकला नाही, हे डॉक्टरांनी विचारून घेतले आणि ती ओळ बाजूला ठेवली. ताप किंवा वजनाची घट असती, तर तोच ३२ त्यांनी सोडला नसता.

क्रिएटिनिनचे उलटे आहे. आपल्या स्नायूंच्या रोजच्या झिजेतून हा पदार्थ रक्तात येतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साचतो. पण तो तयार किती होतो, हे अंगातल्या मांसावर अवलंबून. भरल्या अंगाच्या तरुणाच्या शरीरात तो भरपूर बनतो, किरकोळ म्हातारीच्या शरीरात थोडाच. म्हणून एकच १.१ दोघांमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

हे उकलण्यासाठी डॉक्टर क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरून ईजीएफआर नावाचा आकडा काढतात. किडन्या एका मिनिटाला साधारण किती मिलिलिटर रक्त गाळतात, त्याचा तो अंदाज. २०२१ साली सुधारलेले त्याचे सूत्र आता सर्रास वापरले जाते. त्या सूत्रात २५ वर्षांच्या मुलाचा क्रिएटिनिन १.१ घातला, तर उत्तर येते ९६, म्हणजे उत्तम. खालांचा तोच १.१ घातला, तर ५६. आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, तर त्याला किडनीचा जुना आजार म्हणतात. आणि चौथा रकाना दोघांचाही कोराच! हल्ली पुष्कळ प्रयोगशाळा ईजीएफआरची ओळ स्वतःच छापतात. खालांच्या कागदावर ती नव्हती. आपल्या कागदावर नसेल, तर डॉक्टरांकडे ती मागावी.

डॉक्टरांनी मग तीन प्रश्न विचारले. पहिला, जुना रिपोर्ट आहे का? खालांच्या पेटीत, रेशनकार्डाच्या घडीत, दोन वर्षांपूर्वीचा कागद निघाला. क्रिएटिनिन ०.८. तोही मर्यादेत, तिथेही खूण नाही. पण ०.८ चा ईजीएफआर तेव्हा ८३ होता आणि आता ५६. दोन्ही कागद वेगवेगळे पाहिले तर निर्दोष; शेजारी शेजारी ठेवले तेव्हा घसरण दिसली.

दुसरा प्रश्न, आदल्या रात्री काय खाल्ले? ईदचे दिवस, गोश्त भरपूर झाले होते. शिजलेल्या मटणातून क्रिएटिनिन पोटात जाते आणि काही तास रक्तातला आकडा वाढवते. पाणी कमी प्यायले तरी आकडा चढतो. म्हणून औषध बदलण्याआधी डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले: आदल्या दिवशी गोश्त नाही, पाणी नेहमीसारखे, आणि प्रयोगशाळा तीच. वेगवेगळ्या प्रयोगशाळांची पद्धत वेगळी असू शकते, त्यामुळे थोडा फरक नुसता पद्धतीचाही निघतो. आकडा पुन्हा १.१ च आला.

तिसरा प्रश्न, दुकानातून परस्पर कोणत्या गोळ्या घेता? खाला जरा अडखळल्या. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकची गोळी त्या वर्षभर जवळजवळ रोज घेत होत्या. घरात हे कोणालाच माहीत नव्हते. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. वय झालेल्या आणि ब्लडप्रेशर असलेल्या माणसाला त्याचा फटका जास्त बसतो. गोळी त्याच दिवशी बंद झाली. लघवीतल्या अल्ब्युमिनचीही तपासणी झाली. तिथे प्रति ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आकडा हवा. खालांचा ४८ निघाला. म्हणजे किडनीची चाळणी थोडी गळत होती. ब्लडप्रेशरचे औषध डॉक्टरांनी त्या हिशेबाने बदलले.

तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.० आला, ईजीएफआर ६३. जुन्या ८३ वर तो परतला नाही आणि परतेलच असे डॉक्टर म्हणाले नाहीत. पण घसरण थांबली आहे. येत्या रमजानच्या दोन महिने आधी भेटायला यायचे, रोजे ठेवायचे की नाही हे तेव्हाचा आकडा पाहून ठरवू, असे त्यांनी सांगून ठेवले आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथले जमिनीतले पाणी खारट आणि त्या गावांतून किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. तिथे राहणाऱ्या घरांनी तरी क्रिएटिनिनची ओळ कोरी दिसली म्हणून सोडून देऊ नये. गरोदर मुलीच्या कागदावर तर आणखी जपून पाहावे. गरोदरपणात किडनी जास्त काम करते, म्हणून क्रिएटिनिन एरवीपेक्षा खाली जायला हवे. तेव्हा १.० आला तर खूण लागणार नाही, पण डॉक्टरांना तो दाखवलाच पाहिजे.

एक बारीक गोष्ट आखातात कामाला असलेल्यांसाठी. तिकडच्या अनेक कागदांवर क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये छापतात. आपला १.१ तिथे ९७ दिसतो. आकडा पाहून दचकू नका, आधी शेजारी छापलेले माप पाहा. ८८.४ ने भागले की आपला आकडा मिळतो.

ईजीएफआरलाही हद्द आहे. तो अंदाज आहे. अचानक आजारी पडलेल्या माणसात तो फसतो, आणि फारच कृश माणसात तो किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतो. म्हणून शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

आपण घरी करायचे ते एवढेच. घरातल्या प्रत्येकाचे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावेत. नवा कागद आला की चौथा रकाना पाहण्याआधी दुसरा रकाना जुन्या कागदाशी ताडून पाहावा, आणि परस्पर घेतलेल्या गोळ्यांची नावे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहावीत. खालांची फाइल आता आमच्याकडे आहे. त्यात चार कागद आहेत आणि क्रिएटिनिनच्या ओळीत खूण एकावरही नाही. अल्लाह सर्वांना शिफा देवो. आमीन.