विलगीकरण टपालाचे, सवय सरकारची

मार्च २०२० मध्ये भारत सरकारच्या नावाने करोनाविषयीची एक बनावट आरोग्यसूचना ई-मेलद्वारे फिरू लागली. सूचनेचा कागद साध्या दस्तऐवजासारखा दिसे, पण त्यात मॅक्रो, म्हणजे दस्तऐवज उघडताच चालू शकणाऱ्या लहान आज्ञावली, दडवलेल्या होत्या. वाचकाने मॅक्रोंना परवानगी देताच त्या संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा हे तपासत आणि त्यानुसार ‘क्रिमसन रॅट’ हे हेरगिरीचे साधन बसवत. पडद्याची चित्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्यानंतर दूरवर पोहोचू शकत. संगणक-सुरक्षा अभ्यासकांनी हे काम पाकिस्तानशी संबंधित मानल्या जाणाऱ्या ‘एपीटी ३६’ या गटाचे ठरवले.

अशा हल्ल्यांवरचा उपाय साधा भासतो. चालवता येणारी फाइल किंवा मॅक्रो असलेला दस्तऐवज घेऊन येणारे टपाल कर्मचाऱ्याच्या पेटीत पडण्यापूर्वीच अडवावे आणि तपासणीनंतरच पुढे सोडावे. मात्र हे विलगीकरण केवळ फाइलच्या नावावर चालले तर ते कुचकामी ठरते. `.docm` किंवा `.xlsm` या नावांतून मॅक्रोंची शक्यता उघड होते आणि `.docx` मध्ये मॅक्रो ठेवता येत नाहीत. पण २००७ पूर्वीच्या पद्धतीच्या `.doc` आणि `.xls` फाइलींत मॅक्रो असू शकतात, आणि नावावरून ते कळत नाही. सरकारी कार्यालयांत अशा जुन्या फाइली आजही सर्रास ये-जा करतात. म्हणून द्वारावरील यंत्रणेने फाइल आतून उघडून पाहिली पाहिजे. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची सुरुवात `MZ` या दोन अक्षरांनी होते, मग त्याला नाव कोणतेही दिलेले असो. नव्या पद्धतीच्या दस्तऐवजात मॅक्रो असतील तर आत सहसा `vbaProject.bin` ही फाइल सापडते.

पासवर्ड लावलेली झिप फाइल मात्र यंत्रणेला उघडता येत नाही. हल्लेखोर पासवर्ड त्याच पत्राच्या मजकुरात लिहून देतात. तो माणसाला वाचता येतो, पण साध्या तपासणी-यंत्रणेच्या उपयोगी पडत नाही. त्यामुळे ‘तपासता आले नाही’ याचा अर्थ ‘निर्दोष’ असा न घेता ‘रोखून ठेवा’ असा घेतला पाहिजे. बहुतेक कार्यालयांत नेमके याच ठिकाणी घोडे अडते. निविदा, वेतनपत्रके, लेखापरीक्षणाचे तक्ते अडकू लागतात, वरिष्ठांचा दूरध्वनी येतो आणि अपवादांची यादी वाढत जाते. वर्षभरात विलगीकरण कागदावरच उरते.

या दबावाचे मूळ बरेचसे शासनाच्याच सवयीत आहे. आयकर विभागाने विवरणपत्रांसाठी वर्षानुवर्षे मॅक्रोयुक्त एक्सेल फाइली दिल्या आणि त्या वापरण्यासाठी मॅक्रो सुरू करा, अशी सूचनाही दिली. या फाइली अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायच्या असतात, त्यामुळे हा मार्ग ई-मेलपेक्षा सुरक्षित आहे. पण पिवळी पट्टी दिसली की परवानगीचे बटण दाबायचे, हे वळण करदात्यांना, लेखापालांना आणि कारकुनांना शासनानेच लावले. हल्लेखोराला त्याहून वेगळे काही शिकवावे लागत नाही.

उपायाची मर्यादाही मान्य केली पाहिजे. २०२० च्या त्या प्रकरणात घातक दस्तऐवज पत्राला जोडलेला नव्हता. पत्रात सरकारी भासणाऱ्या पत्त्याचा दुवा होता. जोडपत्रे अडवणारी यंत्रणा असे पत्र सुखाने आत सोडते. तेथे दुसरी भिंत हवी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मूळ मांडणीतच रोखण्यास मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली. जुन्या ऑफिस-आवृत्त्यांवर चालणाऱ्या कार्यालयांना हे संरक्षण मिळेलच असे नाही. शिवाय त्यानंतर हल्लेखोर शॉर्टकट फाइली आणि डिस्क-प्रतिमांकडे वळले. म्हणजे अडवायच्या प्रकारांची यादीही सतत पाहत राहावी लागते.

तेव्हा धोरण तीन गोष्टींवर उभे राहावे. अडवलेले पत्र सोडण्याचा अधिकार ज्याच्या नावे ते आले त्याच्याकडे नसावा. सोडणाऱ्याने त्या पत्राला उत्तर न देता, आधीपासून नोंदीत असलेल्या क्रमांकावर प्रेषकाकडे खातरजमा करावी आणि सोडण्याचे कारण लिहून ठेवावे. ज्याला केवळ वाचायचे आहे त्याला मॅक्रो काढून टाकलेली प्रत लगेच मिळावी, म्हणजे काम खोळंबणार नाही. आणि कोणत्याही शासकीय विभागाने मॅक्रो असलेली फाइल ई-मेलने पाठवू नये. आकडेमोड हवी असेल तर ती संकेतस्थळावरील अर्जात करावी.

यातील तिसरी अट सर्वांत कठीण आहे, कारण ती यंत्र विकत घेऊन पूर्ण होत नाही. पण ती पाळली गेली तर मॅक्रो असलेले शासकीय पत्र हेच संशयाचे पुरेसे कारण ठरेल, आणि अपवादासाठी दूरध्वनी करण्याची वेळच क्वचित येईल.