पत्रिकेतला देव गेला, कृपा मात्र राहिली

अमरावती-अकोल्याकडे लग्नसराई आली की पत्रिकेचे मसुदे आमच्याकडे तपासायला येतात. यंदा अकोला जिल्ह्यातल्या एका घरचा मसुदा आला. त्याची सुरुवात अशी होती: 'तथागत भगवान बुद्ध व बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कृपाशीर्वादाने आमच्या येथे...'

हे वाक्य कुठून आले, ते पाहा. छापखान्यातल्या जुन्या नमुन्यात 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' असते. आम्ही 'श्री' काढला आणि तिथे बुद्ध बसवला. वाक्याचा सांगाडा तोच राहिला. आपण ज्यांना मानतो त्या बुद्धाने तर स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा फरक स्पष्ट करून सांगितला आहे. मार्ग दाखवणारा कृपा करत नाही. चालायचे आपल्यालाच असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात गौरी-गणपती नाकारण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने 'कृपा' मागच्या दाराने घरात घ्यावी काय?

यावर मुलीचे वडील म्हणाले, "भाऊ, बाबासाहेबांमुळेच तर आम्ही हा दिवस पाहून राह्यलो. ते लिहू नाही काय?" त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ती कृतज्ञता आहे. मग कृतज्ञताच लिहावी, 'वंदन करून' म्हणावे. वंदन आपण करतो. कृपा वरून पडते.

दुसरी अडचण नावांपुढची. मुलापुढे 'चि.' आणि मुलीपुढे 'चि. सौ. कां.' होते. सौ. कां. म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, नवरा असण्यातच जिचे भाग्य ती. मुलाच्या नावामागे अशी कोणतीही आकांक्षा लिहिलेली नसते. म्हणून दोघांनाही सारखेच लिहावे: आयुष्मान आणि आयुष्मती.

'वि. वि.' म्हणजे काय, हे घरातल्या एकालाही सांगता आले नाही. ते विनंती विशेष. जे आपल्यालाच कळत नाही, ते पाहुण्याला कशाला पाठवायचे?

शेवटी सर्वांनी बसून लिहिले ते असे:

'नमो बुद्धाय. सप्रेम जयभीम. तथागत बुद्ध आणि बाबासाहेबांना वंदन करून कळवतो की, आमची मुलगी आयुष्मती ... आणि आयुष्मान ... यांचा मंगल परिणय ठरला आहे. आपण सहकुटुंब यावे आणि दोघांच्या सुखासाठी मनापासून मंगल कामना करावी.'

इथे आशीर्वाद गेलेला नाही. तो आता मांडवात आलेल्या माणसांकडून मागितला आहे, आणि ते तो खरोखर देऊ शकतात.

मसुदा छापखान्यात देण्याआधी घरातल्या आजीला एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ती जिथे "म्हंजे काय?" विचारेल, तो शब्द खोडा.

जयभीम!