मिनिटाचा भाव कसा ठरवायचा?

जबलपूरमध्ये घरबसल्या व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या मुलामुलींना पहिला प्रश्न येतो तो असा: "पाच मिनिटांच्या फिल्मचे किती घेणार?" आकडा सांगण्याआधी एक उलटा प्रश्न विचारायचा. कच्चं शूटिंग किती तासांचं आहे?

समजा, ग्वारीघाट आणि भेडाघाटला साखरपुड्यानंतरचं शूट झालंय. कच्चा माल चार तासांचा, हवी फिल्म पाच मिनिटांची. कॉपी आणि तपासणीला एक तास, सगळं पाहून निवडायला चार, कापून जोडायला आठ, रंग आणि आवाजाला तीन, दोन फेऱ्यांच्या दुरुस्तीला चार. एकूण वीस तास. तासाला २५० रुपये धरले तर ५००० होतात, म्हणजे तयार मिनिटाला १०००. आता तेवढ्याच फिल्मसाठी बारा तासांचं शूटिंग हातात आलं, तर नुसतं पाहण्यातच आठ तास वाढतात. भाव तोच ठेवला तर तासाची कमाई १८० रुपयांच्याही खाली येते. म्हणून लिहून द्यावं: चार तासांपर्यंतचं शूटिंग या भावात, पुढच्या प्रत्येक तासाला २५० जादा. तीस सेकंदांच्या रीलला मात्र मिनिटाचा हिशेब लावूच नये. निवडीची मेहनत तीच असते. तिथे किमान रक्कम ठरवलेली बरी.

कार्ड हातात आलं की आधी दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळल्याशिवाय कार्ड परत करायचं नाही. मग आवाज ऐकायचा. धुआंधारजवळ कॅमेऱ्याच्या माइकवर बोललेलं पाण्याच्या गर्जनेत बुडतं, आणि ते एडिटिंगमध्ये पुरतं वर काढता येत नाही. हे पहिल्याच दिवशी कळवावं, शेवटी सांगितलं तर दोष आपल्याच माथी!

मामा-काकांनी मोबाइलवर घेतलेल्या क्लिप्सची आणखी एक खोड असते. फोन दर सेकंदाला सारख्याच फ्रेम टिपतो असं नाही. त्यामुळे क्लिपच्या सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, दहाव्या मिनिटाला मात्र शब्द पुढेमागे होतात. HandBrake मध्ये Constant Framerate निवडून त्या आधीच बदलून घ्याव्यात.

दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि सूचना वेळेसकट: "२:१४ वर आजी जास्त वेळ दिसू द्या." "जरा मजा येत नाहीये" ही सूचना नव्हे. पहिल्या फेरीत दृश्यांचा क्रम आणि गाणं पक्कं करून घ्यायचं, रंग आणि आवाजाचं काम त्यानंतरच. गाणं नंतर बदललं तर ठेक्यावर बसवलेला प्रत्येक कट हलतो. त्याचे पैसे वेगळे. अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी, पाहायला दिलेल्या प्रतीवर आपलं नाव ठेवावं, आणि बाकी जमा झाल्यावर बिननावाची प्रत द्यावी. कच्चा माल किती दिवस सांभाळणार तेही त्याच कागदावर लिहावं, कारण तीन वर्षांनी बारशाच्या वेळी कुणीतरी तो मागतंच.