रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो? बदलीचा अर्ज लिहिण्याआधी हे तपासा

किनवटला नोकरी आणि नांदेड, लातूर किंवा परभणीला घर असलेल्यांचा रविवार अनेकदा दुपारी चारलाच संपतो. भोकर, हिमायतनगर ओलांडत नांदेडपासून सुमारे दीडशे किलोमीटर जायचे असते. बॅग भरायला घेतली की पोटात गोळा येतो, टीव्हीवर काय चालू आहे ते कळेनासे होते, मुलांवर उगाच ओरडणे होते. इंग्रजी माध्यमांनी याला ‘संडे स्केरीज’ असे नाव दिले आहे. आपल्याकडे नाव नाही, पण औषध ठरलेले आहे: बदली. अर्ज करा, कुणाला तरी भेटा आणि नांदेडला या.

काहींना हे औषध लागू पडतेही. पण बदली होऊन घरी आल्यावर सहा महिन्यांत, स्वतःच्या सोफ्यावर बसून, तोच गोळा पुन्हा अनुभवणारेही असतात. बदलीने गाव बदलते आणि साहेब बदलतात. कामाचा भार आणि त्या कामाबद्दल मनात असलेली किंमत मात्र बहुतेक वेळा बॅगेतून सोबत येते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. सोमवारची भीती नेमकी कशाची आहे? कामाच्या ढिगाची, माणसांची, की त्या कामात काही अर्थ उरला नसल्याची?

सुट्टी मिळाली, संध्याकाळ गेली

रविवारची सुट्टी आपल्याकडे आयती आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. त्या कामगाराचे हाल आजच्या नोकरदारापेक्षा कितीतरी जास्त होते. पण गिरणीचा भोंगा रविवारी त्याच्या खिशात वाजत नव्हता. आज रविवारी सात वाजता ‘उद्याच्या रिव्ह्यूसाठी आकडे तयार ठेवा’ असा मेसेज ग्रुपवर पडतो आणि सोमवार बारा तास आधीच सुरू होतो.

‘लोड’ हे सोयीचे उत्तर

काय झाले म्हणून घरच्यांनी विचारले, तर दहातले नऊ जण ‘कामाचा लोड आहे’ असेच सांगतील. हे उत्तर सन्मानाचे आहे. जास्त काम म्हणजे माणूस महत्त्वाचा. ‘साहेबांची भीती वाटते’ हे तिशीतल्या माणसाला बायकोसमोर म्हणवत नाही. ‘हे काम मला पटत नाही’ असे म्हटले, तर सरकारी किंवा बँकेची नोकरी लागली म्हणून पेढे वाटलेल्या घरात ते ऐकणार कोण? त्यामुळे माणूस इतरांना लोड सांगता सांगता स्वतःलाही तेच पटवून देतो.

कामाच्या थकव्यावर अनेक दशके संशोधन केलेल्या क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर यांनी नोकरी माणसाला जिथे पोखरते अशा सहा जागा सांगितल्या आहेत. कामाचा भार ही त्यातली फक्त एक. बाकीच्यांत कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये येतात. रविवारी संध्याकाळी सहाही तपासत बसणे कुणाला जमणार नाही. भार, माणसे आणि अर्थ या तीन खणांत त्या ढोबळपणे बसवता येतात.

चार रविवारांची नोंद

विचार करून कारण सापडत नाही, कारण विचार करणारे मनच ‘लोड’ हे उत्तर देऊन मोकळे झालेले असते. नोंद ठेवली तर सापडण्याची शक्यता वाढते. फोनच्या नोट्समध्ये दर रविवारी तीन गोष्टी लिहायच्या. गोळा किती वाजता आला, त्या क्षणी डोळ्यांसमोर पहिले चित्र कोणते होते, आणि त्रासाला दहापैकी किती गुण. सोबत त्या आठवड्यात नेहमीपेक्षा वेगळे काय होते, याची एक ओळ. खरी माहिती बहुधा या ओळीतच दडलेली असते.

समजा, किनवटच्या एका बँक शाखेत सत्तावीस वर्षांचा अधिकारी आहे. घर नांदेडला. (हे उदाहरण समजावण्यासाठी जुळवलेले आहे, कुणा एकाचे नाही.) खरिपाचे दिवस आहेत, पीककर्जाच्या नूतनीकरणाची गर्दी आहे आणि त्याचे स्वतःचे निदान अर्थातच ‘लोड’ आहे.

पहिला रविवार. आदल्या दिवशी शनिवारी शाखा सुरू होती. पाच वाजता गोळा आला. चित्र: टेबलावरच्या केवायसीच्या फायली. गुण ८.

दुसरा रविवार. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे त्याला सलग दोन दिवस मिळाले. दोष थकव्याचा असता तर त्रास थोडा तरी उतरायला हवा होता. पण वेळ तीच, गुणही ८. चित्र मात्र बदलले. फायलींच्या जागी सोमवारी सकाळी दहाचा रिव्ह्यू कॉल आला.

तिसरा रविवार. शनिवारी काम होते, पण सोमवारी मॅनेजर रजेवर आणि रिव्ह्यू रद्द. गुण ५ वर आले. म्हणजे दोष माणसाचा? इथेच थांबून ‘साहेबच वाईट’ असा निकाल देण्याचा मोह होतो. पण साहेब नसतानाही पाच गुण उरले आहेत, आणि त्या दिवशीचे चित्र साहेबांचे नाहीच. कर्ज नवे करायला आलेला एक शेतकरी समोर बसला आहे आणि त्याला विमा पॉलिसीचा फॉर्म पुढे करायचा आहे, असे ते चित्र आहे.

चौथा रविवार. सोमवारी एका आदिवासी पाड्यावर किसान क्रेडिट कार्डाचे शिबिर. सकाळी लवकर निघायचे, रात्री उशिरा परतायचे, म्हणजे काम नेहमीपेक्षा जास्त. मॅनेजरही सोबत. गोळा आला तो रात्री नऊला, आणि गुण फक्त ३.

काम वाढले तरी त्रास घटला, साहेब सोबत असतानाही घटला. त्या सोमवारी नव्हते ते एकच: विम्याचे टार्गेट. रिव्ह्यू कॉलची धास्तीही त्याच टार्गेटच्या आकड्याची होती. साहेब तो आकडा विचारणारा आवाज होते, इतकेच. शेवटी उरलेले ३ गुण बहुधा घर सोडण्याचे आणि रस्त्याचे असावेत, कारण ते चारही रविवारी सारखेच होते. त्या तिघांवर बदली हाच उपाय. बाकीचे ५ नांदेडच्या शाखेतही त्याची वाट पाहत असतील, कारण टार्गेट तिथेही असते.

चार रविवार म्हणजे पुरावा नव्हे, खूण आहे. एखाद्या रविवारी मूल तापाने फणफणले असेल किंवा रात्री जागरण झाले असेल, तर आकडा बिघडतो. खूण पुढच्या महिन्यात पुन्हा दिसली तर मात्र ती गंभीरपणे घ्यावी.

कारणाप्रमाणे औषध

नोंदीतून खरोखर भार निघाला, म्हणजे सुट्टी जोडून आली की त्रास उतरतो आणि डोळ्यांसमोर अर्धवट कामेच येतात, तर उपाय स्वस्त आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवले की अपूर्ण काम मनात घोळत राहते, पण ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना केली की, काम पूर्ण झालेले नसतानाही, घोळणे थांबते. म्हणून यादी रविवारी रात्री करण्यापेक्षा आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, खुर्चीतून उठण्याआधी करावी. ‘केवायसी बाकी’ असे लिहून भागत नाही. ‘सोमवारी साडेतीन ते साडेचार, पहिल्या वीस फायली’ असे लिहावे लागते. आणि यादीतल्या तासांची बेरीज आठवड्यात मावतच नसेल, तर दोष नियोजनाचा नाही. तीच बेरीज घेऊन साहेबांकडे जावे. ‘लोड आहे’ या तक्रारीपेक्षा ‘हे बावन्न तासांचे काम आहे’ हे वाक्य टाळणे अवघड असते.

कारण माणूस निघाला, तर ‘वातावरण खराब’ असे न लिहिता नेमका प्रसंग लिहावा: कोणती बैठक, कोणते वाक्य, कुणासमोर. पुष्कळदा अख्खे ऑफिस नकोसे नसते, आठवड्यातली वीस मिनिटे नकोशी असतात. आकडे आदल्या दिवशी लेखी पाठवले तर त्यातली दहा वाचू शकतात. अपमान रोजचाच असेल, तर बदलीचा अर्ज हेच योग्य औषध आहे आणि त्यात कमीपणा काही नाही.

सगळ्यात अवघड खण अर्थाचा, कारण त्यात दोन वेगळी दुखणी एकत्र राहतात. पहिले म्हणजे कामाचा उपयोग दिसत नाही. अ‍ॅडम ग्रँट यांच्या २००७ मधील प्रयोगात एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची, त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटांची भेट घडवली. महिन्याभरानंतर त्यांचा फोनवरचा वेळ दुपटीहून अधिक झाला होता. फायलीपलीकडचा माणूस दिसला की काम हलके होते. शिबिराच्या रविवारी ३ गुण पडले, त्यात याचाही वाटा असणार.

दुसरे दुखणे उलटे आहे. कामाचा परिणाम दिसतो, आणि तोच बोचतो. इथे ग्रँट यांचा उपाय कामाचा नाही. पॉलिसी गळ्यात पडलेल्या शेतकऱ्याला भेटून त्या अधिकाऱ्याला बरे कसे वाटेल? ही बोच एकट्याची नाही. बँकांतून चुकीच्या पद्धतीने विकल्या जाणाऱ्या विम्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीरपणे बोलून बँकांना मूळ कामाकडे लक्ष द्यायला सांगितले होते. तरीही टार्गेट शाखेतच येते आणि ते सर्वांत धाकट्या अधिकाऱ्याच्या टेबलावर उतरते. ‘सकारात्मक विचार करा’ असे त्याला सांगणे म्हणजे चपलेतला खडा न काढता चालायला शिकवण्यासारखे आहे.

हे सगळे सोमवारच्या भीतीपुरते. गोळा सोमवार ओलांडून आठवडाभर राहू लागला, दोन आठवडे झोप आणि भूक उडाली, एरवी आवडणारे काहीच नकोसे वाटू लागले, तर नोंदवही बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

उदाहरणातल्या त्या अधिकाऱ्याच्या हातात किनवटमध्ये बसून काय आहे? टार्गेट रद्द करणे नाही. पण कर्जाची सही आणि विम्याचे बोलणे एकाच दिवशी, एकाच टेबलावर न करणे त्याच्या हातात आहे. ‘ही पॉलिसी घेतली नाही तरी तुमचे कर्ज थांबणार नाही’ हे वाक्य आधी आणि ग्राहकाला कळेल अशा भाषेत सांगणेही आहे. गोंडी येत नसेल तर बरोबर आलेल्या शाळकरी पोराकडून ते सांगवून घेता येते. त्याने विम्याचा आकडा घसरेल आणि दहाच्या कॉलवर बोलणी खावी लागतील. रविवारच्या गुणांत त्याने किती फरक पडतो, हे पाचव्या नोंदीत दिसेल.